कागद हातात, आकडा रामटेकला

दामिनीने फाइल टेबलावर ठेवली तशी भरतीचं काम पाहणाऱ्या गुंजन मॅडमने ती एका बोटाने परत सरकवली, ताटातली नको असलेली कारली सरकवावी तशी.

"ओरिजिनल आम्ही पाहत नाही," ती म्हणाली.

दामिनी नागपूरच्या सदर भागातल्या त्या ऑफिसात इस्त्रीचा ड्रेस घालून, पदवीचं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये जपून आली होती. कुरिअर कंपनीत हिशोबाची नोकरी, मुलाखत पास, सगळं पक्कं. फक्त पदवीची खातरजमा बाकी होती.

"पण मी डिजिलॉकरमध्ये पण टाकलंय मॅडम. फोटो काढून."

"तोच तर लोचा आहे. तो तुम्ही टाकलेला फोटो. फोटो तर मी पण बनवून देईन, गोल्ड मेडलसकट." गुंजनने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "आम्हाला विद्यापीठाने जारी केलेलं पाहिजे. डिजिलॉकरला आधार जोडा, विद्यापीठाच्या नोंदीतून पदवी मागवा, मग आमच्या लिंकवर जाऊन परवानगी द्या. ती तिकडूनच आमच्याकडे येते, मध्ये कोणाचा हात लागत नाही. लिंक आज संध्याकाळी बंद होते. नाही झालं तर पुढच्या नावाला फोन जाईल."

दामिनी खाली कॅन्टीनच्या बाकावर बसली. आधार क्रमांक टाकला. ओटीपी पाठवला आहे, असं आलं, आणि खाली मोबाइल नंबरचे फक्त शेवटचे आकडे दिसले. ते तिने लगेच ओळखले. नंबर बाबांचा, रुपरावांचा होता.

घरात सगळ्यांच्या आधारला बाबांचाच नंबर. एक मोबाइल, एक मालक. त्यात वावगं कोणाला वाटलंच नव्हतं. पण रामटेकच्या गडाखालचं पूजेच्या सामानाचं दुकान सोडून दामिनी नागपूरला निघाली, तेव्हा रुपराव म्हणाले होते, "जातेस तर जाय. मंग फोन करू नको." तिने खरंच केला नाही. नवं सिम घेतलं, भाड्याची खोली घेतली, सणावाराला एकटीच खिचडी खाल्ली. आई असती तर मधे पडली असती. आई नव्हती.

तिने नंबर दाबला. तो पाठच होता.

"कोन?"

"बाबा, मी दामिनी."

पलीकडे नुसती दुकानाची घंटी वाजली.

"तुमच्या मोबाइलवर आता एक आकडा आला असन. तेवढा सांगा ना मले."

"मायी पोरगी फोन करत नाही," रुपराव म्हणाले. "अन् बँकेचे पोरं सांगून गेले, ओटीपी कोनाले सांगू नका. आवाज बी बदलवते म्हने आजकाल."

"मीच आहो बाबा. नोकरीचं अडून राहिलं."

"कशावरून?"

हसावं की रडावं, तिला कळेना. इथे कागद हातात असून कोणी पाहत नाही, तिथे बाप आवाज ऐकून मानत नाही.

"विचारा मंग काही."

रुपरावांनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, "नारळाचा ढीग कोनत्या हाताले राहते दुकानात?"

"डाव्या. तुम्ही उजवीकडं ठेव म्हणत, मी ऐकत नव्हती."

"आता उजवीकडंच आहे," ते म्हणाले. थोडं थांबून, हळूच, "पन तवा डावीकडं होता."

तोवर ओटीपीची मुदत संपली होती. तिने दुसरा मागवला. बाबांनी चष्मा शोधला, एकेक आकडा मोठ्याने वाचला, शाळेतल्या पोरासारखा, आणि तिने तो तसाच टाकला. आधार जुळलं. तिने विद्यापीठ निवडलं, परीक्षेचं वर्ष आणि नोंदणी क्रमांक भरला. पदवी 'जारी कागदपत्रां'त येऊन बसली, नावासकट, कोणी फोटो न काढता. मग तिने कंपनीच्या लिंकवर जाऊन परवानगीचं बटन दाबलं. फोन सगळा वेळ चालूच होता.

गुंजनचा मेसेज आला: झालं. सोमवारी या. ओरिजिनल आणू नका.

"झालं का काम?" रुपरावांनी विचारलं.

"झालं."

"मंग आधारले तुयाच नंबर लावून घे. म्हंजे तुले तरास नाही."

"हो."

आता फोन ठेवायला हवा होता. दोघांपैकी कोणी ठेवला नाही. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी कुंकवाची पुडी मागितली.

"थांब," रुपराव म्हणाले. तिला की गिऱ्हाइकाला, ते कळलं नाही. मोबाइल गल्ल्याजवळ ठेवल्याचा आवाज आला. मग कोणी उदबत्ती मागितली, कोणी कापूर, आणि बाबा प्रत्येकाला भाव सांगत राहिले.

कॅन्टीनवाला बाक पुसायला आला. दामिनीने फाइल मांडीवर घेतली, पाय वर उचलले आणि फोन कानाला तसाच धरून ऐकत बसली.