दोनशे चौदा हायफन

ऑफिसात तिला सगळे धाकटी म्हणायचे. वयानं धाकटी आणि नोकरीनंही. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं, आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी तिथल्या ताई दारातच पोर कडेवर घेऊन उभ्या असायच्या. बोलायच्या काही नाहीत, पण त्यांचं ते न बोलणं धाकटीला रात्रभर पुरायचं.

प्रकाशनाचं ऑफिस तीन खोल्यांचं. इंग्रजी पुस्तकं, बहुतेक इतिहासाची. धाकटी मजकूर दुरुस्त करायची, काका प्रुफं वाचायचे आणि संपादक मॅडम दोघांच्या डोक्यावर बसायच्या. त्या वर्षी मॅडमनी नवा नियम काढला होता. को-ऑपरेट, री-एंटर, प्री-एक्झिस्टिंग असल्या शब्दांमधली आडवी रेघ, म्हणजे हायफन, यापुढे काढायचा आणि शब्द सलग छापायचा.

"पण आंधळेपणानं नाही हं," मॅडमनी बजावलं होतं. "पुढे कॅपिटल अक्षर किंवा आकडा आला तर हायफन राहील. रेघ काढल्यावर शब्द वाचताना अडखळायला झालं, तरी राहील. आणि संस्थेचं नाव, दुसऱ्याचं पत्र, दुसऱ्याचा उतारा, याला हात लावायचा नाही. त्यांनी लिहिलं तसंच छापायचं. म्हणून एकेक शब्द थांबून बघायचा."

हातात आलं होतं विणकरांच्या एका सहकारी संस्थेच्या इतिहासाचं पुस्तक. लेखिकाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचे वडील त्या संस्थेचे पहिले चिटणीस, आणि पुस्तकाचा जीव होता वडिलांच्या चाळीस इंग्रजी पत्रांत. बाईंनी पत्रांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. ऑफिसात ती टाइप झाली, काकांनी दोन दिवस खपून झेरॉक्सशी ताडून पाहिली आणि शेवटच्या पानावर सही ठोकली. मग फाइल धाकटीकडे आली.

त्या दुपारी तिनं कामाला हात घातला. शोधा, बघा, बदला. शोधा, बघा, सोडा. चाळीस शब्द झाले असतील तोच पाळणाघरातून फोन आला.

"अंग गरम लागतंय हो. दूधही घेत नाहीये. लवकर या."

फाइल उद्या सकाळी पानं लावायला जायची होती. स्क्रीनवरचा मजकूर तिला दिसेनासा झाला. तिनं बदलांच्या खुणा ठेवणारं बटण बंद केलं, कारण खुणांनी फाइल रेंगाळायची. मग 'को'नंतर 'ओ', 'री'नंतर 'ई', 'प्री'नंतर 'ई', अशा इंग्रजी अक्षरांच्या तीन जोड्या मधल्या हायफनसकट शोधायला टाकल्या आणि तिन्ही वेळा 'सगळे बदला' दाबलं. एकूण दोनशे चौदा बदल, संगणक म्हणाला. तिनं फाइल जुनीच्याच जागी जतन केली, पर्स उचलली आणि पळाली. पत्रं उद्या सकाळी बघू, असं तिनं मनाशी म्हटलं होतं. सकाळी पोरीला एकशे दोन ताप होता. धाकटी दोन दिवस आली नाही, आणि आली तेव्हा फाइल पुढे गेली होती.

तीन आठवड्यांनी लेखिकाबाई पानं घेऊन थेट मॅडमच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या वडिलांनी तुम्हाला काय त्रास दिला होता?" त्यांचा आवाज शांत होता, तेच वाईट होतं. "दारावरच्या पाटीच्या फोटोत संस्थेच्या नावात हायफन आहे. खाली तुम्ही छापलेल्या नावात नाही. पत्रांत तर असा एकही उरला नाही. ते कुठे हायफन द्यायचे, कुठे विसरायचे. घाईत आहेत का निवांत, ते मला त्यावरून कळायचं. आता सगळी पत्रं एकाच माणसानं इस्त्री केल्यासारखी दिसतात."

"आणि हे बघा," त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. को-ओनर म्हणजे सहमालक, तो शब्द इंग्रजीत सलग होऊन बसला होता आणि सुरुवातीलाच 'कू' असा वाचला जात होता. "हे वाचलं की कबुतर घुमतंय असं वाटतं."

कोणी हसलं नाही. मॅडमनी काकांना बोलावून त्यांची सही असलेला कागद पुढे ओढला.

"काका, अक्षर न् अक्षर ताडलं म्हणून लिहून दिलंत ना?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "दिलं होतं. पण आता... माझ्या नजरेतून सुटलं असेल."

धाकटी उघड्या दाराबाहेर आपल्या खुर्चीत बसून ऐकत होती. तोंड उघडायला एवढाच क्षण होता. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि क्षण गेला.

बाई आणि काका गेल्यावर मॅडम धाकटीला आत बोलावून दार लोटून घेत म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात काकांचा करार संपतोय. मी वाढवणार होते. आता विचार करावा लागेल."

दुसऱ्या दिवशी काका उशिरा आले. डोळ्यांत औषध घालून तपासणी झाली होती, बाहुल्या मोठ्या दिसत होत्या.

"डॉक्टर म्हणतो डोळे ठणठणीत आहेत," ते धाकटीला म्हणाले. "मग डोकंच गेलं म्हणायचं. पोरी, मला स्पष्ट आठवतंय गं, तिसऱ्या पत्रात दोन हायफन मी स्वतः टाकायला लावले होते. का आठवतंय मग? जे घडलंच नाही ते?"

नोकरी गेली तर घरचं कसं भागेल, हा हिशेब ती रात्रभर करत होती. पण समोरचा माणूस स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास घालवून बसला होता, आणि तो तिनं घालवला होता.

"काका, ते घडलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर वाचलं होतं. त्यानंतर मी एका फटक्यात सगळे काढले. न बघता. पोरीला ताप होता."

काका तिच्याकडे वळले.

"कालच का नाही बोललीस?"

"भ्याले."

"मीही भ्यालो होतो," ते म्हणाले. मग एकदम चिडले. "रात्रभर बायकोला विचारत होतो, मी काय काय विसरतो ते सांग म्हणून! यादी केली तिनं. आता ती यादी कोण परत घेणार?"

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. ती उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली. जे केलं ते सगळं सांगितलं, बंद केलेल्या खुणांसकट. ताप शेवटी सांगितला, आणि सांगताना तिला वाटलं, तो सांगायलाच नको होता.

मॅडमनी ऐकून घेतलं. "काकांचा करार वाढेल. त्यांची माफी मी मागेन. तुझं पुढचं पुस्तक मात्र दुसऱ्याला जाईल. आणि बाईंना फोन तू करायचास."

बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "उलटं बटण दाबून येतील का परत?"

"नाही. दाबलं तर जिथे तुमचे वडील विसरले तिथेही पडतील. पत्रं समोर ठेवूनच लावावे लागतील."

"मग लावा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

धाकटीनं नवऱ्याला फोन करून पोरीला आणायला सांगितलं. काकांनी झेरॉक्सचा गठ्ठा उघडला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढली. जुन्या पद्धतीनं एकानं मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं पान बघायचं.

"को, हायफन, ऑपरेट," काकांनी सुरुवात केली. "स्वल्पविराम."

"हायफन टाकला. स्वल्पविराम आहे."

"पुढच्या ओळीत कोऑपरेट. सलग. इथे घाईत होते बहुतेक."

तिनं कागदाकडे पाहिलं. शाई पुसट झाली होती, अक्षर तिरकं पडलं होतं, ओळीच्या शेवटी जागा उरली नव्हती. ती त्या शब्दाला हात न लावता पुढे गेली.