चौथ्या पट्ट्याची रेघ

सुनंदाबाईंचा स्वभावच संशयी. दूधवाल्याच्या मापापासून शाळेच्या घड्याळापर्यंत कशावर म्हणून त्यांचा विश्वास नव्हता, आणि शेजारच्या शाळेच्या उन्मेष सरांवर तर मुळीच नव्हता. कुळगावच्या मैदानावर आंतरशालेय स्पर्धा होत्या आणि धावपट्टीची आखणी, रेघांवर चुन्याची फक्की मारण्यासकट, सरांनी सकाळी सहालाच एकट्यानं उरकली होती. एकट्यानं का? बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

मुलींच्या दोनशे मीटरमध्ये बाईंची विद्यार्थिनी श्रद्धा आली पहिल्या पट्ट्यात, अगदी आतल्या. सरांची राजसी चौथ्या, सगळ्यात बाहेरच्या. पहिली येणारी एकटीच जिल्ह्याला जाणार होती. श्रद्धा खरवईच्या शेतकऱ्याची पोर. "जिल्ह्याला गेलीस तर पळ पुढं, नायतर बास झाला तुजा मैदान," असं बापानं तिला बजावून ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, म्हणून त्या आज जास्तच डोळ्यांत तेल घालून होत्या.

राजसीची सुरुवातीची रेघ श्रद्धाच्या बरीच पुढे होती. तशी असायलाच हवी. सरळ भाग सगळ्यांना सारखाच, पण वळणावर बाहेरच्या मुलीला मोठा फेरा पडतो. जितका जास्त पडतो तितकं तिला आधीच पुढे उभं करायचं. प्रश्न एवढाच, की सरांनी आपल्या मुलीला नेमकं तितकंच पुढे उभं केलं होतं का?

"सर, टेप द्या जरा."

"मॅडम, मी मोजलंय ना सगळं."

"तुम्ही मोजलंय म्हणूनच बघते."

पट्टा मीटरभर रुंद. दोनशे मीटरला दर पट्ट्यामागे तीन मीटर चौदा सेंटिमीटर, हे कोष्टक बाईंना कॉलेजपासून तोंडपाठ. चौथ्या पट्ट्याला त्याची तिप्पट, नऊ बेचाळीस. बाईंनी वाकून, बाहेरच्या वळणाला धरून टेप लावली. नऊ बेचाळीस. तसूभरही फरक नाही. नाइलाजानं त्यांनी आखणी तपासल्याची सही केली, पण चेहऱ्यावरची आठी काही गेली नाही.

शर्यत झाली. श्रद्धा दोन मीटरनं जिंकली आणि बाई वयाचं भान विसरून उड्या मारू लागल्या. तेवढ्यात उन्मेष सर आले. "अभिनंदन मॅडम! काय पळाली पोरगी!" आणि चक्क हसले. हरलेला माणूस इतकं मोकळं हसतो? यात नक्की काहीतरी गोम आहे. राजसी तर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती, आणि इतकं दमलेलं तिला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

बाई परत पट्टीवर गेल्या. श्रद्धा जिथून निघाली तीच रेघ तिनं शेवटी ओलांडली होती. म्हणजे पूर्ण एक फेरी.

बाई तिथेच उभ्या राहून हिशोब मांडू लागल्या. कॉलेजचं मैदान चारशे मीटरचं. तिथे दोनशेची शर्यत अर्धी फेरी, एकच वळण. कोष्टक त्या एका वळणाचं. इथे फेरीच दोनशेची, वळणं दोन, म्हणजे दर पट्ट्यामागे सहा अठ्ठावीस हवं होतं. राजसीला जवळजवळ एकोणीस मीटर पुढे उभं करायचं, तिथे मिळाले साडेनऊ. ती दोनशे नऊ मीटर पळून फक्त दोन मीटरनं हरली होती. खरी पहिली तीच.

हे दुसऱ्या कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सरांनी त्याच जुन्या कोष्टकावरून आखलं होतं, बाईंनी त्याच्याशीच ताडून पाहिलं होतं. गप्प बसलं तर श्रद्धा जिल्ह्याला जाईल, वरून सहीही आहे. बाईंना गप्प बसायचंच होतं. फार फार बसायचं होतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या मापात खोट शोधली, आता स्वतःच्या सहीखालची कशी झाकायची? त्या सरांकडे गेल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

शर्यत रद्द झाली. तासाभरानं नव्या आखणीवर परत पळायचं ठरलं. श्रद्धाला सांगायचं काम अर्थातच बाईंचं. त्यांनी तिला झाडाखाली बसवलं, मातीत बोटानं दोन वळणं काढली, मुलींच्या जागी खडे ठेवले, सगळं समजावलं. श्रद्धा खड्यांकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं. अशानं आपण हरणार, हेसुद्धा.

"बाई, सकाळी टेप लावून तुम्हीच मोजलंवतं ना? तेव्हा बरोबर होतं?"

"तेव्हा मी चुकले गं."

"आणि मी जिंकल्यावर मग चूक सापडली." पोरीनं मान वर केली आणि बाईंच्या डोळ्यांत बघत हळूच विचारलं, "राजसीच्या सरांनी तुम्हाला काय दिलं, बाई?"

बाईंना तिचा राग येईना. तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं.