जी तारेवरचा लांडगा

"ताई, या वाद्यात लांडगा आहे बरं का," व्हायोलिनचं थोरलं भावंड असलेला तो चेलो ताब्यात देताना दुरुस्तीवाल्या काकांनी बजावलं होतं. "'जी' नावाच्या तारेवर हात वर गेला की 'एफ' स्वराला गुरगुरेल. पोरीला बोल लावू नका, सरळ माझ्याकडे या."

आईनं मान डोलावली आणि विसरून गेली. वापरलेलं वाद्य, म्हातारा माणूस, काहीतरी बोलणारच. तिच्या जिवाला तेव्हा वेगळेच घोर लागले होते. अकरा वर्षांच्या लेकीला, खारूला, एवढं धूड जिन्यावरून झेपेल का, पाठ वाकडी होईल का.

सहा महिन्यांनी नव्या धड्यात तो एफ आला. लांबलचक, चार मात्रांचा. आणि दर वेळी फुटला. व्हर्र-व्हर्र-व्हर्र, गाडी चालू होता होता बंद पडावी तसा.

"गज कापतोय तुझा," क्लासचे सर म्हणाले. पुढच्या आठवड्यात, "हातच कापतोय." त्याच्या पुढच्या आठवड्यात, सगळ्या वर्गासमोर, "या हातात गज नको, चमचा द्या." पोरं खिदळली.

आणि घरी आईनं काय केलं? समोर खुर्ची टाकून तोच स्वर पन्नास वेळा वाजवून घेतला. "लक्ष दे म्हणजे येईल!"

मग एक दिवस जेवताना खारूनं उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवला. "आई, माझ्या हाताला रोग आहे का गं? डॉक्टरांना दाखवशील? नाहीतर मी क्लासच सोडते."

आईला एकदम काकांचे शब्द आठवले. लांडगा!

दुसऱ्याच दिवशी मायलेकी चेलोसकट काकांच्या दुकानात. काकांनी खारूला वाजवायला लावलं, तिच्या मनगटाकडे नीट पाहिलं आणि हसले. "हात ठणठणीत आहे. खोडी या लाकडाची."

त्यांनी चेलोच्या पोटावर बोटानं टकटक केली. "ऐकलंस? खोक्याचा स्वतःचा एक सूर असतो. तार नेमकी त्याच सुरावर आली की खोकंच जोरात हलायला लागतं आणि तारेचा जोर ओढून घेतं. तार लंगडी पडते, परत उठते, परत पडते. ही जी ओढाताण, तेच गुरगुरणं. हलक्या, बोलक्या वाद्यांना तर हमखास."

"मग उपाय?"

"गुडघ्यांनी कडा दाबायच्या. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या थोडा जवळ गज, जरा वजनानं. नाहीतर तोच स्वर शेजारच्या डी तारेवर घ्यायचा. आणि हे." त्यांनी बोटाच्या पेराएवढी पितळी नळी दाखवली, आत रबर. "घोडीच्या मागे तारेचा उरलेला तुकडा असतो, त्यावर ही बसवायची. सरकवत सरकवत त्या तुकड्याचा सूर लांडग्याशी जुळला की गुरगुर तोच गिळतो. लावू?"

"नको. उद्या लावा," आई म्हणाली. "आधी सरांना ऐकू दे."

वर्ग भरलेला होता. तिनं चेलो सरांपुढे धरला. "सर, तो एफ तुम्ही वाजवून दाखवा."

"मी मुलांच्या वाद्याला हात लावत नाही. स्वतःच्याच वाद्यावर शिकवतो. वीस वर्षांचा नियम आहे."

"आज मोडा."

सरांनी गज तारेवर टेकवला. व्हर्र-व्हर्र-व्हर्र. त्यांनी नकळत गुडघे आवळले, गज घोडीकडे नेला. गुरगुर दबली.

"वुल्फ आहे," ते खाली बघत पुटपुटले. "चेलोला असतोच."

"असतोच? माहीत होतं तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "तीन आठवडे पोर स्वतःचा हात धरून बसतेय! एकदा, फक्त एकदा हे हातात घेतलं असतं तर तुमचं काय झिजलं असतं? आता सगळ्यांसमोर सांगा, हात कोणाचा कापत होता?"

"कोणाचाच नाही," सर म्हणाले. मग खारूकडे वळून, "चुकलं माझं." खारूनं आपला हात उलटसुलट करून पाहिला आणि सोडून दिला.

सरांचं बोट मात्र चेलोच्या खांद्यावरच्या अर्धचंद्री ओरखड्यावर थांबलं होतं. "हा कुठून घेतलात? हा आधी जिचा होता ती मुलगी माझ्याच वर्गात होती. दोन वर्षांपूर्वी सोडून गेली. मी तिलाही हात कापतो म्हणायचो."

आईला राग आवरेना. सरांचा आलाच, पण स्वतःचा जास्त. तिला तर काकांनी आधीच सांगितलेलं होतं!

नळी बसली. खारूचा एफ आता नीट लांबतो. सरांकडच्या, त्या मुलीच्या जुन्या नंबरावर मात्र कोणी फोन उचलत नाही. म्हणून आईनं वर्गाच्या फळ्यावर, दुरुस्तीच्या दुकानात, जिन्याखाली, सापडेल तिथे कागद डकवला आहे:

"तपकिरी चेलो, खांद्यावर अर्धचंद्री ओरखडा. तो आधी जिचा होता ती आता सतरा-अठरा वर्षांची असेल. हे वाचणाऱ्या तुम्हाला ती कुठे भेटलीच, तर कृपा करून तिची विचारपूस करा. ती अजून स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून बसते का, तेवढं बघा. आणि सांगा, तिचा हात कधीच कापत नव्हता."