दुसऱ्या सत्रातला विषय

"रँकिंग बघ, निकिता. बाकी सगळं नंतर," परदेशी प्रवेशाचे सल्लागार माधव सर म्हणाले. कर्वेनगरमधल्या त्यांच्या ऑफिसात परदेशी विद्यापीठांचे झेंडे ओळीने लावलेत. माझा संताप ते झेंडे दिसायच्या आधीच, घरी, सुरू झाला होता.

दोन वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासत होते. आता मला स्वतः मशीन लर्निंगची मॉडेल्स बनवायची होती. परदेशी शिकायची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि ती आयुष्यात एकदाच मिळते. होकार आजच कळवायचा होता. नामांकित विद्यापीठाच्या एमएससी डेटा सायन्सला होकार द्यायचा, हे सरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. खडकीत आमच्या विहारात सत्काराचा फ्लेक्सही त्याच नावाने छापायला गेला होता.

पण पप्पांनी आदल्या दिवशी हँडबुक मागितलं. ते, म्हणजे रामदास कांबळे, दारूगोळा कारखान्यात तपासनीस. आतला माल यादीशी ताडून पाहिल्याशिवाय कुठल्याच पेटीवर सही करत नाहीत. लाल पेन्सिल घेऊन बसले आणि म्हणाले, "वाच. मराठीत सांग."

सक्तीचे सहा विषय: नेतृत्व, व्यवसाय धोरण, प्रकल्प व्यवस्थापन, डेटा आणि समाज, संशोधन पद्धती, संख्याशास्त्राची ओळख. माझं मशीन लर्निंग ऐच्छिक यादीत होतं.

"त्याच्याआधी काय शिकावं लागतं?"

"प्रगत प्रोग्रामिंग."

"ते कधी असतं?"

मी वेळापत्रकाचं पान उलटलं. प्रोग्रामिंग दुसऱ्या सत्रात. मशीन लर्निंगही दुसऱ्याच सत्रात. कोर्स एका वर्षाचा. म्हणजे मशीन लर्निंग मला घेताच येणार नव्हतं. महिनाभर मी फक्त मुखपृष्ठ बघत होते, याची लाज वाटली.

आज पप्पांना सोबत आणून हे सगळं मी सरांना पानांसकट दाखवलं. प्रोग्रामिंगच्या अटीतून सूट मागायला विद्यापीठाला पाठवलेली ईमेलही दाखवली. उत्तर सकाळीच आलं होतं: सवलत नाही.

"असल्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतं? नावावर नोकरी मिळते. काका, तुम्ही तरी समजवा हिला."

"दुसरं हँडबुक उघड," पप्पा मला म्हणाले.

मला प्रवेश मिळालेलं दुसरं विद्यापीठ सरांच्या भिंतीवर नव्हतंच. कोर्सचं नावही साधं, संगणकशास्त्र. पहिल्या सत्रात प्रोग्रामिंग, दुसऱ्यात मशीन लर्निंग, दोन्ही सक्तीचे. शेवटी स्वतः मॉडेल बनवून त्यावर प्रबंध. पप्पांनी एकेका ओळीपुढे खूण केली आणि पेन्सिल खिशात ठेवली.

"अहो, पण लोकांना काय सांगणार?" सर म्हणाले. "हे नाव कुणी ऐकलेलं नाही."

"मी ऐकवीन," मी म्हणाले. तिथेच, त्यांच्या समोर, मोबाइलवर पहिल्याला नकार कळवला आणि दुसऱ्याला होकार.

पप्पांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "विद्यापीठाचं नाव बदला. हो, मोठ्या अक्षरातलंच. मुलगी तीच आहे."