सहा आणि तीन

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे म्हणायचे. खरंच आहे ते. नागपूरच्या शाळेत मी जन्मभर पहिली-दुसरीला गणित शिकवलं, आणि माझ्या लाल पेनाला पोरांपेक्षा त्यांचे बाप जास्त घाबरायचे. रिटायर झाले तरी ते पेन पर्समध्ये असतंच. इंग्लंडात रीडिंगला आले तेव्हाही होतं.

आले ते लेकीच्या घरी, लेक नसताना. वैभवी ऑक्टोबरात गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, संध्याकाळी नव्हती. मागे यतीनराव, माझे जावई, आणि पाच वर्षांची ईशिता. ईशू इकडच्या शाळेत इयर वनला, म्हणजे आपल्या पहिलीला आहे.

माझा व्हिसा संपत आला होता आणि मला ईशू हवी होती. आडपडदा कशाला ठेवू? पोटचा गोळा गेला, त्याचा एवढाच अंश मागे उरला होता, आणि तो मला नागपूरला न्यायचा होता. यतीनराव सकाळी ऑफिसला जात ते अंधार पडल्यावर परत येत. पोरीला आफ्टर-स्कूल क्लबमधून आणायचं, फिश फिंगर भाजून वाढायचं, याला काय संगोपन म्हणायचं? मी पुष्कळदा विषय काढला. ते ‘बघू या, आई’ एवढंच म्हणायचे आणि भांडी घासायला लागायचे.

दुसरं भांडण कोटावरून. वैभवीचा हिरवा कोट अजून दाराशी खुंटीला होता. तो मी घडी करून, जुने कपडे दान घेणाऱ्या चॅरिटी शॉपच्या पिशवीत घालायची आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर परत खुंटीला. यतीनराव काही बोलायचे नाहीत. असल्या मुक्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

एका शुक्रवारी शाळेतून गृहपाठाचा कागद आला. दहाच्या जोड्यांचा. इकडे त्याला नंबर बाँड्स म्हणतात. लेडीबर्ड किड्यांची चित्रं होती. एका पंखावर ठिपके, दुसरा पंख कोरा. दोन्ही मिळून दहा व्हायला हवेत, तर कोऱ्या पंखावर किती? शेजारी आकडा लिहायला रिकामी चौकट. सोबत घरी ठेवायची, प्लॅस्टिकच्या चकत्यांची छोटी पिशवी, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पिवळ्या. ठिपके असतील तितक्या लाल मांडायच्या, बाकीच्या उलटून पिवळ्या करायच्या आणि पिवळ्या मोजायच्या. पद्धत चांगली आहे, मीही चिंचोक्यांनी हेच करायची.

पिशवी आठवडाभर घरातच होती, ईशू तिच्याशी खेळायची. पुढच्या शुक्रवारी तिने एकटीने बसून कागद सोडवला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. सहा आणि तीन. आठ आणि एक. पाच आणि चार. नऊ आणि शून्य. वरून तिनाचं तोंड उलट्या बाजूला. माझं पेन बाहेर आलं आणि मी वरपासून खालपर्यंत फुल्या मारल्या. पोर माझ्या हाताकडे बघत राहिली, रडली नाही. मग जाऊन दाराशी बसली.

यतीनराव आले तसा मी कागद त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, बघा, हातच्या काकणाला आरसा कशाला? पाच वर्षांच्या पोरीला दहा होत नाहीत. आई नाही, बापाला वेळ नाही, हिचं असंच होत जाणार. माझ्याबरोबर पाठवा. ते बूट काढत होते. एक बूट हातात घेऊन ते एकेक फुली बघत गेले.

“घेऊन जा, आई,” ते म्हणाले. “मला नाही जमत.”

मला हवं ते मिळालं. रात्री मला शांत झोप लागली, हेही सांगून टाकते.

शनिवारी सकाळी कागद शाळेच्या फोल्डरमध्ये घालताना मागची बाजू दिसली. मोठ्यांनी कसं तपासावं याच्या सूचना होत्या. मला कोण शिकवणार, म्हणून आदल्या दिवशी मी पान उलटलंच नव्हतं. आकडा उलटा काढला तर चूक धरू नये. फुली मारू नये, बाजूला ठिपका द्यावा आणि मुलाला चकत्या मांडून दाखवायला सांगावं. सगळी उत्तरं सारखीच चुकत असतील, तर आधी चकत्या दहा आहेत ना ते पाहावं.

मी पुन्हा उत्तरं बघितली. प्रत्येक ठिकाणी एकच कमी. पहिलीच्या पोराची चूक अशी नसते गं बाई, ती कुठेही भरकटते. इतकी नेमाने चुकणारी पोर चुकत नसते.

ईशूला बोलावलं आणि सहा आणि किती ते मांडून दाखव म्हटलं. तिने सहा लाल मांडल्या, उरलेल्या उलटल्या. पिवळ्या तीनच. तिचं उत्तर तिच्या पिशवीच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं.

“दहावी कुठे आहे गं?”

ती उठली, दाराशी गेली आणि हिरव्या कोटाच्या खिशात हात घालून तिने चकती काढून दाखवली.

“हे आईचा आहे,” ती म्हणाली. तिच्या मराठीचं असंच आहे. “आई इथे नाही ना. मग तिचा मोजायचा नाही.”

शाळेतल्या चकत्यांचं काय, विचारलं. शाळेत दहा असतात, तिथे सहा आणि चार, ती म्हणाली. मला एवढं कसं कळत नाही, असं तोंड करून. मग तिने चकती परत खिशात ठेवली आणि वरून हाताने दाबली.

यतीनराव जिन्यावर उभे होते. मला वाटलं हे त्यांना नवीन असेल. ते म्हणाले, चकती तिथे आहे हे मला माहीत होतं, कशासाठी ते नव्हतं. रोज स्टेशनला निघताना मी त्या खिशात हात घालतो. एक दिवस हाताला ती लागली. मी राहू दिली.

बाप आणि लेक, दोघं एकाच खिशापाशी जात होते, एकमेकांना न सांगता. आणि तो कोट मी पिशवीत भरत होते. पोरीला नागपूरला नेलं असतं तर तिला काय दिलं असतं? माझं रडणं. ते तर मला एकटीलाच पुरे.

लाल शाई पुसता येत नाही. प्रत्येक फुलीशेजारी मी ठिपका दिला आणि खाली लिहिलं, चकत्या नऊ होत्या, उत्तरं बरोबर आहेत. मग यतीनरावांना म्हटलं, पोरगी इथेच राहील. ते पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले.

हीथ्रो विमानतळावर सोडायला दोघंही आले. आत जाताना ईशूने माझ्या स्वेटरच्या खिशात काहीतरी घातलं. हात घातला तर चकती. माझा जीवच गेला. मी खाली वाकून म्हटलं, अगं, मी आहे, दर रविवारी फोनवर दिसणार, मला मोज ना. तिने नकारार्थी मान हलवली.

“तू पण इथे नाही ना,” ती म्हणाली.

आता रविवारी व्हिडिओ कॉल होतो. ती चकत्या मांडते, मी इकडून विचारते. माझी चकती माझ्या देवघरात आहे, तिच्या आईच्या फोटोपाशी; आईची तिकडे कोटाच्या खिशातच.

परवा विचारलं, “सात आणि किती?”

तिने उरलेली मोजली. “एक.”

“बरोबर,” मी म्हटलं.