सरजाबाईचा वर गेलेला हात

झरीच्या पुढच्या एका गावात महिला दूध संस्थेची वार्षिक सभा म्हणजे अध्यक्ष नर्मदाबाईंनी बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, असा शिरस्ता होता. सचिव मंजुषा दरवर्षी इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून मोकळी व्हायची. यंदा मात्र विषयच असा होता, की ते शब्द तिला लिहावेसे वाटत नव्हते.

ठराव नर्मदाबाईंचाच. दूध संकलन केंद्र गावातून उचलून जिंतूर रोडच्या फाट्यावर न्यायचं. टँकर दारात येईल, दर बरा मिळेल, असं त्यांचं मत. त्यात त्यांचा वैयक्तिक फायदा दमडीचाही नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरजाबाईचं काय? एक म्हैस, एक दुखरा गुडघा, आणि फाटा दीड कोसावर. केंद्र हललं की म्हैस विकायची, हे ती मंजुषाजवळ रडून बोलली होती.

“ज्यांना ठराव पसंत हाय त्यांनी हात वर करा,” नर्मदाबाई म्हणाल्या.

बघता बघता हातांचं रान उभं राहिलं. मंजुषा मोजायला लागली आणि मधेच थांबली. दुसऱ्या रांगेत सरजाबाईचा हातही वर होता. तोंड खाली, हात वर. मंजुषाला राग आला. मग आठवलं, ही बाई खुरपायला जाते ती नर्मदाबाईंच्याच कापसात. कोणत्या तोंडानं ती हात खाली ठेवणार?

नर्मदाबाईंनीही तो हात पाहिला. त्यांची नजर बराच वेळ तिथंच अडकून राहिली.

“मंजे, निकाल मी अजून सांगितला न्हाई ना?”

“नाही, काकू.”

“मग आपल्या पोटनियमात काय हाय? निकाल सांगायच्या आत अध्यक्षाला मतपत्रिका घेता येती ना?”

“येते.”

उपाध्यक्ष राजेश्री उसळल्या. “कशाला उगं? सगळ्यांचे हात वर हायत. लय वाटत असंल तर नावं पुकारून मतं घ्या, कोण कुठं हाय ते लिवून ठिवा.”

“नावं पुकारली तर आत्ता झालं तेच पुन्हा व्हईल,” नर्मदाबाई म्हणाल्या. “चिठ्ठ्या काढा. नाव न्हाई, सही न्हाई. ठराव हवा त्यानं गोल काढायचा, नको त्यानं फुली.”

मंजुषानं कोऱ्या चिठ्ठ्यांवर संस्थेचा शिक्का मारला, रिकामा डबा उलटा करून सगळ्यांना दाखवला. संचालक मंडळात नसलेल्या दोघींना मोजणीला बसवलं. कपाटाच्या आडोशाला एकेक बाई जाऊन आली. सरजाबाई गेली ती लंगडत आणि परतली ती पदरानं कपाळ पुसत.

मोजणी झाली. अठ्ठावन्न चिठ्ठ्या. बाजूनं एकोणीस, विरोधात सदतीस, बाद दोन.

नर्मदाबाईंचा चेहरा उतरला, हे खरंच, माणूसच ती. पण उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “ठराव नामंजूर. केंद्र इथंच ऱ्हाईल.”

सभा पांगल्यावर राजेश्री मंजुषाच्या कानाशी लागल्या. “अध्यक्षाचाच ठराव पडला असं लिवतीस व्हय? ‘चर्चेअंती विषय तहकूब’ असं लिव. आन् फुल्या कुणाच्या, ते अक्षरावरून कळंल, चिठ्ठ्या दाव.”

“फुलीला कुठलं अक्षर, मावशी?” मंजुषा म्हणाली आणि चिठ्ठ्यांचं पाकीट बंद करून त्यावर मोजणाऱ्या दोघींच्या सह्या घेतल्या.

नर्मदाबाई मागं उभ्याच होत्या. “झालं तसंच लिही, मंजे.”

मंजुषानं लिहिलं: ‘प्रथम हात वर करून मत घेण्यात आले. निकाल जाहीर होण्यापूर्वी अध्यक्षांनी गुप्त मतदान घेण्याचे ठरवले. मतपत्रिका ५८, बाजूने १९, विरोधी ३७, अवैध २. ठराव नामंजूर.’ नाव एकाही बाईचं नाही. नर्मदाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मोठी, ठळक सही ठोकली. स्वतःच्या पराभवावर एवढ्या दिमाखानं सही करणारं माणूस मंजुषानं कधी पाहिलं नव्हतं. तिला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या सकाळी रांगेत सरजाबाईची बरणी होती. दूध तपासून झालं, पावती हातात पडली, आणि ती हलेचना. नर्मदाबाई काट्याशीच उभ्या होत्या. सरजाबाईनं मान वर केली.

“ओ अध्यक्षबाई, ही मशीन फॅट कमी दावायलीय. माझ्या म्हशीचं दूध इतकं पातळ न्हाई. पुन्हा तपासा.”

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. नर्मदाबाईंनी क्षणभर तिच्याकडं टक लावून पाहिलं.

“तपास गं मंजे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.