तोफेवर नाव नको

आमचे भाऊजी तुळशीरामजी यांना स्वतःचं नाव छापलेलं पाहायची भारी हौस. मेहकरात त्यांचा दंतमंजनाचा छोटा कारखाना होता. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘तुळशीराम दंतमंजन’ चिखली, मोताळ्यापर्यंत घरोघरी पोचलं. डबीवर भाऊजींचा दात दाखवून हसणारा फोटो. खरं तर मंजनाची कृती माझ्या बहिणीची, मंजुळाताईची. पण ताई फोटोत कुठून येणार? मी तिचा धाकटा भाऊ भाऊराव, गावोगाव माल पोचवायचा तेवढा मानकरी.

मंजन चाललं तशी भाऊजींना स्वप्नं पडायला लागली. ढेकूण पावडर, बूट पॉलिश, दौतीची शाई, सगळं काढायचं आणि सगळ्यावर तुळशीराम. त्यांचा हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. जाहिरातीच्या भिंती रंगवायच्या तर एकाच नावाच्या. ओळखीचं नाव दिसलं की दुकानदार नवा मालही विचारपूस न करता ठेवून घेतो. झालंही तसंच. ‘तुळशीराम ढेकूण पावडर’ पहिल्याच फेरीत सगळ्या दुकानांत मांडली गेली. तीच डबी, तोच फोटो, रंग तेवढा वेगळा. ढेकणांकडे बघूनही भाऊजी तितकेच प्रेमाने हसत होते.

दोन महिन्यांनी मी धामणगाव बढ्याला गेलो तर दोन्ही डब्यांवर धूळ. दुकानदार अर्जुनराव तसा मितभाषी, पण त्या दिवशी बोलला.

“बाया मंजनाची डबी हुंगतात अन् ठेवून देतात. म्हणतात, त्याच कारखान्यात ढेकणाचं जहर बनते, जरासं मिसळलं तं कोणाले समजते?”

ढेकणाची तरी जाते का, असं मी विचारलं.

“ते कोण नेईन? ज्यानं माणसं दात घासतात, त्यानं ढेकूण काय मरन?”

म्हणजे विषामुळे मंजन बदनाम आणि मंजनामुळे विष बदनाम. मला हसू आलं, पण हसण्यासारखं नव्हतं. मंजन बसलं की कारखानाच बसणार होता.

घरी सांगितलं तर भाऊजी दुकानदारांवरच उखडले. फोटो आणखी मोठा छापू म्हणाले. ताई लवंगा निवडत होती, ती शांतपणे म्हणाली, “तुमचं नाव तोंडात घालाच्या वस्तूले राहू द्या. माराच्या वस्तूले दुसरं नाव द्या, दुसरी डबी द्या.”

“मंग हे मीच बनवलं, हे लोकाईले कसं समजन?”

“समजलं नाही पायजे, म्हणूनच तं.”

भाऊजी दोन दिवस फोटोची डबी समोर ठेवूनच जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवीन नाव सुचवलं, ‘तोफ छाप’. चौकोनी लाल डबा, वर तोफ, आणि तळाशी बारीक इंग्रजीत कारखान्याचं नाव, ‘टी. एम. केमिकल वर्क्स’. मंजनाची खोली आणि पावडरीची खोलीही ताईनं वेगळी करायला लावली.

वेगळ्या नावाची किंमत मात्र चांगलीच मोजावी लागली. ही तोफ कुणाची, असं प्रत्येक दुकानदार विचारायचा. भिंती पुन्हा रंगवल्या, फुकट पुड्या वाटल्या. एक नवं नाव उभं करतानाच इतका दम लागला, की शाई आणि पॉलिश राहूनच गेलं. शाईच्या दौतीवर भाऊजींचे पांढरेशुभ्र दात बघायचं लोकांच्या नशिबी नव्हतं. वर्षभरात मंजन पूर्वपदावर आलं आणि तोफही धडाडू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि भाऊजी एसटीनं चिखलीकडे निघालो होतो. शेजारी अमडापूरचा एक शेतकरी बसला. त्याच्या पिशवीत तोफेचा डबा. टोपी घातलेले, तोंड मिटलेले तुळशीरामजी त्यानं ओळखले नाहीत.

“एकच डबा टाकला, बाजीत ढेकूण राह्यला नाही,” तो आपणहून सांगू लागला. “इंग्रजीत लिवलं आहे खाली, मुंबईचा माल आहे. आपल्या इकडच्याले असं जमत नाही. त्या मेहकरच्या तुळशीरामनं काढली होती पावडर, डबीवर नुसता दात काढून हासत होता.”

भाऊजींची मान लाल झाली. ओठ उघडले. एक वाक्य बोलले असते तर आठवडी बाजारापर्यंत सगळ्या अमडापुरात कळलं असतं, आणि तोफ-मंजन दोन्ही पुन्हा एका फळीवर धूळ खात बसली असती. मी त्यांचा गुडघा दाबून धरला. आयुष्यभर या माणसाची मी टिंगल केली, पण त्या क्षणी मला त्यांची फार दया आली.

भाऊजींनी टोपी कपाळावर ओढली.

“हाव,” ते म्हणाले, “मुंबईवाले हुशारच.”

शेतकऱ्यानं समाधानानं मान हलवली आणि तुम्ही काय करता म्हणून विचारलं.

“काही खास नाही,” भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. “बायको मंजन बनवते. मी विकतो.”